सोळा घरांचं पुस्तक

स्वतःच्या कपाटातली तीनएकशे पुस्तकं, ओळखीची पन्नाससाठ घरं आणि जिन्यात थांबवून ‘काकू, वाचायला काहीतरी द्या ना’ म्हणणारे शेजारी, एवढ्या भांडवलावर गल्लीतलं वाचनालय सुरू होतं. ते चालवणारी व्यक्ती बहुधा स्वतः अट्टल वाचक असते. तिला दुकानदारी जमेल का, ही शंका घरचे लोक पहिल्याच दिवशी बोलून दाखवतात. शंका रास्त आहे, पण गल्ला मोजता न आल्यामुळे अशी वाचनालयं बंद पडल्याचं फारसं दिसत नाही. बरीचशी बंद पडतात ती पुस्तकं चुकीची घेतल्यामुळे.

आपल्याकडे वाचनालयांचे दोन संसार आहेत. एक सरकारमान्य सार्वजनिक वाचनालयांचा. १९६७च्या ग्रंथालय कायद्याखाली अ, ब, क, ड असे वर्ग ठरतात आणि त्याप्रमाणे अनुदान मिळतं. दुसरा खाजगी, ज्याला जुने लोक अजून ‘सर्क्युलेटिंग लायब्ररी’ म्हणतात. तिला अनुदान नाही, समिती नाही, वार्षिक सभा नाही. वर्गणी आली तर पुस्तक येणार. बाबूराव अर्नाळकरांच्या हजारावर रहस्यकथा घरोघर पोचल्या त्यात अशाच कोपऱ्यावरच्या, दिवसाच्या भाड्याने पुस्तकं देणाऱ्या दुकानांचा मोठा हात होता. आज दिवसाचं भाडं जाऊन महिन्याची वर्गणी आली, आणि दुकानाचा गाळा परवडेनासा झाल्यामुळे वाचनालय पुढच्या खोलीत किंवा स्कूटरच्या डिकीत आलं. हा लेख त्या दुसऱ्या संसाराबद्दल आहे.

हिशेबापुरतं एक वाचनालय कल्पू. चारपाच सोसायट्यांच्या मधलं घर, पुढच्या खोलीत दोन भिंतींना कपाटं, साडेपाचशे पुस्तकं. त्यातली निम्मी घरची, उरलेली विकत घेतलेली. सभासद साठ. वर्गणी महिना दीडशे रुपये, अनामत पाचशे, एका वेळी दोन पुस्तकं. कागदावर महिन्याचे नऊ हजार होतात. पण कोणी गावी गेलेलं असतं, कोणाच्या मुलाची दहावी असते, कोणाची ‘पुढच्या महिन्यात एकदम देते’ अशी बाकी असते. पन्नास जणांची वर्गणी वेळेवर आली तर महिना चांगला गेला म्हणायचं. म्हणजे हातात साडेसात हजार.

यातले साडेतीन हजार नव्या पुस्तकांना. पाचशे रुपये कव्हर, चिकटपट्टी आणि बाइंडरला. पाचशे पेट्रोल आणि फोनला. उरतात तीन हजार. त्यावर घर चालणार नाही, आणि गाळ्याचं भाडं तर यातून निघूच शकत नाही. सभासद दीडशेच्या आसपास गेले की जरा पोटापाण्याची भाषा करता येते. साठ सभासदांचं वाचनालय हे वाचणाऱ्या माणसाचा स्वतःचा पुस्तकखर्च भागवून वर थोडी मिळकत देणारं काम आहे, हे आधीच मान्य केलेलं बरं.

अनामतीचे तीस हजार या हिशेबात मुद्दाम धरले नाहीत, कारण ते आपले नसतात. सुरुवातीला एकदम साठ अनामती येतात, हात सढळ होतो आणि त्या पैशांची पुस्तकं येऊन पडतात. मग मे महिन्यात बदल्या होतात, भाडेकरू घरं बदलतात आणि आठदहा कुटुंबं एकदम अनामत मागायला येतात. तेव्हा ‘पुढच्या आठवड्यात देते’ असं सांगावं लागलं, तर ती बातमी चारही सोसायट्यांत संध्याकाळपर्यंत पोचते. अनामतीचं बचत खातं वेगळं ठेवावं आणि त्याला पुस्तकासाठी हात लावू नये.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. कोणतं पुस्तक घ्यायचं?

या वाचनालयात महिन्याला सुमारे दोनशे पुस्तकं बाहेर जातात, म्हणजे वर्गणी भरणाऱ्यामागे चार. साडेतीन हजारांत, सवलत धरून सरासरी दोनशे ऐंशीला एक याप्रमाणे, महिन्याला साडेबारा पुस्तकं येतात. दोनशेला साडेबाराने भागलं की सोळा येतात. याचा अर्थ असा, की आज घेतलेलं पुस्तक सोळा वेळा बाहेर गेलं तर ते आपल्या जागी दुसरं पुस्तक आणण्याइतके पैसे मिळवून देतं. चार वेळा जाऊन कपाटात बसलं, तर उरलेल्या बारा वेळांचं ओझं दुसऱ्या कुठल्या तरी पुस्तकाने उचलायला हवं. एखाद्या पुस्तकाच्या अठ्ठावीस वेळा होतातही. पण अशी पुस्तकं वर्षाला किती सापडणार?

सोळा वेळा म्हणजे सोळा घरं. पन्नासांतली सोळा. इथे आपल्या वाचक-चालकाचं खरं भांडवल कामाला येतं. शहरातल्या मोठ्या पुस्तकांच्या दुकानाला हे ठाऊक नसतं, की तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त स्टेशनमास्तर पेशवाई सोडून दुसरं काही वाचत नाहीत, की बी विंगमधल्या आजींना शेवट वाईट असलेली कादंबरी चालत नाही, की समोरच्या बँकेतल्या बाई फक्त अनुवादित थरारकथा नेतात आणि त्या रविवारी रात्रीपर्यंत संपवतात. पुस्तक हातात घेतल्यावर मनात नावं यायला लागली पाहिजेत. काही चालक खरेदीच्या वहीत पुस्तकाच्या नावापुढे खरोखरच सभासदांची नावं लिहितात. आठ नावं भरभर आली तर पुस्तक घ्यायला हरकत नाही, कारण उरलेली आठ तोंडी शिफारशीने जमतात. तीन नावांवर पेन थांबलं, आणि त्यांतलं एक आपलं स्वतःचं असलं, तर पुस्तक स्वतःच्या पैशाने घ्यावं आणि स्वतःच्या कपाटात ठेवावं.

वाचनाची आवड इथेच आडवी येते. ज्याला कविता आवडते तो कवितासंग्रह आणतो. कवितासंग्रह विकत घेणारे लोक असतात, पण पंधरा दिवसांच्या बोलीवर तो नेणारे फार थोडे, कारण कविता तशी वाचायची गोष्ट नाही. समीक्षेचंही तेच. ‘स्वामी’, ‘मृत्युंजय’, ‘ययाति’, पु. लं.ची पुस्तकं यांचा पेच जरा निराळा आहे. वाचनालयात ती नाहीत असं सांगता येत नाही, पण चाळिशीपुढच्या सभासदांच्या घरी ती असतातच. म्हणून ती नवी घेण्याऐवजी जुन्या बाजारातून किंवा कोणी घर रिकामं करत असेल तिथून मिळवावीत. आजच्या विशीतल्या सभासदासाठी एक प्रत पुरते.

जाडीचाही हिशेब असतो, आणि तो सहसा कोणी करत नाही. ‘श्रीमान योगी’सारखी हजारावर पानांची कादंबरी नोकरी करणारं माणूस तीन आठवड्यांत संपवतं. सोळा घरं फिरायला तिला जवळजवळ वर्ष लागतं, आणि किंमतही मोठी. दीडशे पानांचं प्रवासवर्णन किंवा कथासंग्रह आठ दिवसांत परत येतो. चार महिन्यांत त्याच्या सोळा फेऱ्या होतात आणि दर फेरीला तो पुन्हा नव्या माणसाच्या डोळ्यांपुढे येतो. म्हणून जाड पुस्तकं घ्यायची नाहीत असं नाही. ज्या महिन्यात एक जाड घेतलं त्या महिन्यात पाचसहा बारीक घ्यायची. नव्या पुस्तकाला पंधराऐवजी आठ दिवसांची मुदत ठेवणं हाही त्यावरचा जुना उपाय आहे. एखाद्या पुस्तकाला पाचपेक्षा जास्त लोक नंबर लावून बसले, तर दुसरी प्रत घ्यावी का? बहुधा नाही. तीन महिन्यांनी गर्दी ओसरते आणि दोन प्रती शेजारी शेजारी बसून राहतात. तेवढ्यापुरती मुदत कमी केली की भागतं.

खरेदी कुठे करायची, हे गावागणिक बदलतं. पुण्याजवळ असाल तर अप्पा बळवंत चौकात महिन्यातून एकदा चक्कर मारली तरी काम होतं, आणि वाचनालय म्हणून सांगितलं की सवलत मागता येते. मोठे प्रकाशक प्रकाशनपूर्व सवलत देतात. ती भुरळ घालते, पण त्यात पुस्तक न चाळता पैसे भरावे लागतात. नावाजलेल्या लेखकाच्या बाबतीत ठीक, नव्या लेखकाच्या बाबतीत दोन महिने थांबलेलं बरं.

पुस्तक घरी आलं की त्याला दाखल क्रमांक मिळतो, दाखल रजिस्टरात नोंद होते आणि शेवटच्या पानावर तारखांची चिठ्ठी चिकटवली जाते. संगणक असला तरी ही चिठ्ठी ठेवावी, कारण तीत जे एका नजरेत दिसतं ते संगणकात शोधावं लागतं. तारखा आठआठ दहादहा दिवसांच्या अंतराने पडत असतील तर पुस्तक वाचलं जातंय. पहिल्या महिन्यात चार तारखा आणि मग काही नाही, याचा अर्थ लेखकाच्या नावावर लोकांनी उचललं आणि नंतर एकमेकांना सांगितलं, की राहू द्या. नेलेलं पुस्तक दुसऱ्याच दिवशी परत आलं, तर ते वाचून झालेलं नाही. तिथे एक प्रश्न विचारावाच: ‘आवडलं नाही का हो?’ या प्रश्नाचं उत्तर पुढच्या दहा खरेद्यांना उपयोगी पडतं. मात्र ते नोंदवायचं पुस्तकाच्या नावापुढे नव्हे, सभासदाच्या पानावर. ‘अक्षर बारीक’ असं उत्तर आलं तर साहित्याशी त्याचा संबंध नसतो. सत्तरीच्या सभासदांना बारीक टाइपातली स्वस्त आवृत्ती देऊन चालत नाही, एवढंच ते सांगत असतं.

सभासदाच्या पानाचा आणखी एक उपयोग आहे. पट्टीच्या वाचकाला आपण काय वाचलं आहे ते आठवत नाही. घरी नेऊन तीस पानं वाचल्यावर लक्षात येतं, की हे झालंय. म्हणून जुन्या वाचनालयांतल्या पुस्तकांवर वाचकांच्या गुप्त खुणा सापडतात. कोणी ठरावीक पानाच्या आकड्याखाली पेन्सिलीने टिंब देतं, कोणी शेवटच्या ओळीपाशी छोटी फुली मारतं. पुस्तक उचलताना ते पान बघून ठेवून देणारे लोक असतात, आणि बाजूला उभ्या असलेल्या माणसाला त्याचा पत्ता लागत नाही. नियमाप्रमाणे पुस्तकावर लिहायला मनाई असते. या टिंबांकडे काणाडोळा करावा असं माझं मत आहे.

पुस्तक फिरायचं तर टिकलं पाहिजे. हल्लीची पेपरबॅक पुस्तकं बिनशिलाईची असतात. पानांच्या कडा गोंदात बसवलेल्या असतात आणि पुस्तक पूर्ण उलटं दुमडलं की कणा फुटतो. एकदा कणा फुटला की मधलं फर्मं सुटायला वेळ लागत नाही. जाड प्लॅस्टिकचं कव्हर आणि कण्यावर आतून रुंद चिकटपट्टी एवढं पहिल्या दिवशी केलं तर पुस्तक वीसपंचवीस हातांतून सहज जातं. त्यानंतर बाइंडरकडे कापडी कण्याची बांधणी करून घ्यायची, पण फक्त ज्याला अजून मागणी आहे त्याची. मुंबई-ठाण्याच्या आणि कोकणच्या हवेत खरा शत्रू पावसाळा असतो. भिंतीला टेकलेल्या कपाटात बुरशी धरते आणि कसर लागते. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे, खालचा कप्पा रिकामा, आणि श्रावणातल्या उन्हाच्या दिवसांत दारं उघडी, एवढं पाळलं तरी बरंच निभावतं.

वर्षाचा हिशेब मात्र दिवाळीत फिरतो. दिवाळी अंक ही मराठीची खास गोष्ट. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही परंपरा धरतात, आणि आज दरवर्षी शेकडो अंक निघतात. एका घराने चार अंक घेतले तरी हजार रुपये जातात. तिथेच वाचनालयाची ‘दिवाळी अंक योजना’ बसते. आपल्या वाचनालयात पंचेचाळीस अंक आणले, सरासरी छापील किंमत तीनशे, वीस टक्के सवलतीने दोनशे चाळीसला एक, म्हणजे दहा हजार आठशे रुपये गेले. साडेचारशे रुपयांत दिवाळीपासून जानेवारीअखेरपर्यंत हवे तेवढे अंक, एका वेळी दोन, अशा बोलीवर पस्तीस जण आले तर पंधरा हजार सातशे पन्नास जमले. हातात जवळपास पाच हजार राहिले. फेब्रुवारीत धडधाकट उरलेले तीस अंक ऐंशी रुपयांनी विकले तर आणखी चोवीसशे. शिवाय योजनेसाठी म्हणून आलेल्यांतले चारपाच जण कायमचे सभासद होतात.

या योजनेत दगा देतात ते पहिले दहा दिवस. सगळ्यांना तेच चार अंक हवे असतात. ‘मौज’ आणि ‘अक्षर’ मागणारे वेगळे, ‘आवाज’ची खिडकीचित्रं उघडून बघणारे वेगळे, ‘धनंजय’वाले वेगळे, पण प्रत्येक गटात झुंबड उडते ती एकाच अंकावर. म्हणून पंचेचाळीस अंक म्हणजे पंचेचाळीस नावं नव्हेत. तीस नावं आणि मागणीच्या अंकांच्या दोनतीन प्रती, असं गणित बसवावं लागतं. मागच्या वर्षीच्या चिठ्ठ्या जपून ठेवल्या असतील तर कोणत्या अंकाच्या किती प्रती हे त्या सांगतात. राशिभविष्य असलेला एखादा अंक मुद्दाम ठेवावा. नाकं मुरडणारेही तो चाळून जातात.

नव्या पुस्तकांची बातमी आता व्हॉट्सॲपवर जाते. शनिवारी मुखपृष्ठांचे फोटो टाकले की संध्याकाळपर्यंत नंबर लागतात. त्याच गटात कोणीतरी उत्साहाने अख्ख्या पुस्तकाची पीडीएफ टाकतं, ती लगेच काढून टाकावी. आपण पैसे देऊन घेतलेली छापील प्रत भाड्याने द्यायला भारतीय कॉपीराइट कायद्यात लेखकाची वेगळी परवानगी लागत नाही, कारण ती प्रत आधीच बाजारात आलेली असते. तिची नक्कल करून वाटायला मात्र परवानगी नाही. गाण्यांच्या किंवा सिनेमांच्या डिस्क भाड्याने देणं हेही पुस्तकांसारखं मोकळं नाही, तेव्हा मुलांच्या कपाटात त्या ठेवू नयेत.

मुलांचा विषय निघालाच आहे तर एवढंच, की त्यांची वर्गणी पुस्तकांच्या संख्येवर ठेवावी. ‘फास्टर फेणे’ दोन दिवस पुरतो, चित्रांचं पातळ पुस्तक जिना चढेपर्यंत संपतं. मोठ्यांच्या दोन पुस्तकांच्या नियमात मूल बसत नाही, आणि इंग्रजी शाळेतल्या नातवाला मराठी पुस्तक हवं, हा आग्रह आजोबांचा असतो. नातवाचा असेलच असं नाही.

सगळं नीट बसल्यावरही दुसऱ्या वर्षाच्या शेवटी एक अडचण येते. रविवारी रात्री थरारकथा संपवणाऱ्या बँकेतल्या बाई महिन्याला सहा पुस्तकं वाचतात, म्हणजे वर्षाला बहात्तर. साडेपाचशेतली त्यांच्या आवडीची फार तर दीडशे. दोन वर्षांत त्यांचं कपाट संपलं. महिन्याच्या साडेबारा नव्या पुस्तकांत त्यांच्या कामाची तीनच असतात. पट्टीचे वाचक असे एकेक करून सुटतात, आणि तेच तर तोंडी शिफारस करणारे असतात. लक्षण आधी दिसतं. आठवड्याला येणारं माणूस पंधरा दिवसांनी यायला लागतं, मग महिन्याने. वर्गणीची आठवण करून द्यायला फोन केला तर ते माणूस गेलंच समजा. ‘तुमच्यासाठी एक बाजूला काढून ठेवलंय’ असा फोन केला तर येतं.

पण बाजूला काढून ठेवायला पुस्तक हवं, आणि तितकी खरेदी परवडत नाही. इथे अदलाबदल कामाला येते. नाशिकला कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या वतीने विनायक रानडे यांनी २००९ साली सुरू केलेल्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ उपक्रमात पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या गटांकडे जातात आणि काही महिन्यांनी एका गटाची पेटी दुसऱ्याकडे सरकते. पुस्तकं तीच, वाचक नवे. डोंबिवलीच्या पै फ्रेंड्स लायब्ररीने वाचून झालेली पुस्तकं देऊन दुसऱ्यांची घेण्याचे जाहीर मेळे भरवले आहेत. गल्लीतल्या वाचनालयाला हेच लहान प्रमाणावर करता येतं. दोन स्टेशनं पलीकडच्या एखाद्या चालकाशी बोलून तीन महिन्यांसाठी पन्नास पुस्तकं द्यायची, पन्नास घ्यायची. दोघांचे वाचक एकमेकांत मिसळत नसल्यामुळे स्पर्धेची भीती नसते. यादी दोन प्रतींत करायची, प्रत्येक पुस्तकाची अवस्था लिहायची, आणि हरवलं तर छापील किंमत द्यायची हे आधीच ठरवायचं. द्यायची पुस्तकं निवडताना मोह होतो, की आपल्याकडे न गेलेली सगळी तिकडे ढकलावीत. समोरचा पहिल्याच खेपेला ते ओळखतो. पन्नासांत तीस तरी चांगली फिरलेली असावीत. आपल्याकडे बावीस घरं झालेलं पुस्तक तिकडे पहिलंच घर बघत असतं.

आणि ज्यांच्या चिठ्ठीवर दीड वर्षात तारीख नाही, अदलाबदलीतही जी कोणी नेली नाहीत, ती वर्षातून एकदा कपाटातून काढावीत. दाखल रजिस्टरात लाल शाईने ‘रद्द’ आणि तारीख लिहायची, चिठ्ठी सोडवून घ्यायची, आणि दाराबाहेर खुर्चीवर ‘कोणतंही वीस रुपये’ असा कागद लावून आठ दिवस मांडायची. त्यातली बरीच जातात. कवितासंग्रह सगळ्यांत आधी जातात, कारण तो घेणारा पंधरा दिवसांनी परत करायला बांधलेला नसतो. उरलेल्यांची जागा त्या महिन्याच्या साडेबारा पुस्तकांना लागतेच.